साठ मीटरला अकरा मिलिमीटर: एका ऑटो लेव्हलची टू पेग टेस्ट

लूप मिटलं, म्हणजे मोजत मोजत सुरुवातीच्या बिंदूवर परत आल्यावर त्याची उंची तीच निघाली, की उंची मोजायची लेव्हल बरोबर आहे, असं बरेचजण धरून चालतात. ते खरं नाही. बॅकसाइट म्हणजे उंची माहीत असलेल्या मागच्या बिंदूवरचं रीडिंग आणि फोरसाइट म्हणजे पुढच्या बिंदूवरचं; या दोन्हींची अंतरं सारखी ठेवली असतील, तर दृष्टिरेषा तिरकी झालेली लेव्हलसुद्धा लूप छान मिटवून देते. दोष उघडा पडतो तो अंतरं विषम झाल्यावर. आमच्या हातातल्या ऑटो लेव्हलचं तसंच झालं. एकाच बिंदूचा आरएल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची, दोन वेगवेगळ्या सेटअपवरून काढला, तर ८ मिमीचा फरक आला. दोन्ही सेटअपमध्ये बॅकसाइट साधारण २० मीटरवर होती, पण बिंदू एकदा ८ मीटरवर होता आणि दुसऱ्यांदा ५२ मीटरवर. लांबून घेतलेला आरएल कमी आला होता. लांबची रीडिंग जास्त येत असेल तर आरएल कमी निघतो, म्हणजे दृष्टिरेषा पुढे जाताना वर चढत असावी असा संशय होता. पण ८ मिमी चुकायला इतरही कारणं असतात. रीडिंग ज्यावर वाचतात ती खुणांची उभी पट्टी म्हणजे स्टाफ, तो कललेला असतो, ट्रायपॉडचा पाय खचलेला असतो, कधी रीडिंगच चुकीचं वाचलेलं असतं. म्हणून थेट स्क्रूला हात न लावता आधी टू पेग टेस्ट घेतली.

चाचणीमागचा विचार एका वाक्यात मावतो. लेव्हल आडवी दिसत असूनही तिची रेषा थोडी वर किंवा खाली जात असेल, तर रीडिंगमधली चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं तर दोन्ही रीडिंग सारख्याच चुकतात आणि वजाबाकीत चूक निघून जाते. उरतो तो उंचीतला खरा फरक. मग एका खुंटीजवळ जाऊन त्याच दोन रीडिंग घेतल्या की जवळची जवळजवळ बरोबर येते आणि लांबची पुरती चुकते. दोन फरकांतली तफावत हीच चूक.

चाचणीसाठी जवळपास सपाट, टणक जमीन निवडली. दोन खुंट्या ६० मीटर अंतरावर ठोकल्या. त्यांची डोकी गोल असावीत, कारण स्टाफ दरवेळी त्याच सर्वोच्च बिंदूवर टेकला पाहिजे. सपाट डोक्याच्या खुंटीवर स्टाफचा तळ कधी एका कडेवर तर कधी दुसऱ्या कडेवर बसतो आणि एखादा मिलिमीटर तिथेच हरवतो. काँक्रीट असेल तर त्यात पक्का बसवलेला गोल डोक्याचा खिळा उत्तम. मऊ मातीत ठोकलेली खुंटी स्टाफच्या वजनाने चाचणी चालू असतानाच बसते, हे लक्षात ठेवायला हवं. ६० मीटरच का? अंतर वाढवलं तर चूक मोठी दिसते, पण स्टाफवरचा मिलिमीटर अंदाजाने वाचणं अवघड होतं. ३० मीटरवर वाचन छान होतं, पण चूक निम्मी दिसते. साध्या १० मिमीच्या भागांचा स्टाफ आणि बांधकामावरची नेहमीची लेव्हल असेल तर ५० ते ६० मीटर हा सोयीचा मध्य आहे.

स्टाफ दोन्ही खुंट्यांवर एकच वापरला. दोन वेगळे स्टाफ घेतले आणि एकाचा तळ २ मिमी झिजलेला असला, तर तो फरक दोन्ही सेटअपमध्ये सारखाच राहतो आणि चाचणीच्या उत्तरात येत नाही हे खरं. पण घाईत स्टाफची अदलाबदल झाली की चार मिलिमीटरची बनावट चूक तयार होते. एकच स्टाफ इकडून तिकडे नेण्यात जाणारी दोन मिनिटं त्यापेक्षा स्वस्त.

उपकरण गाडीतून काढून पंधरा-वीस मिनिटं सावलीत उघडं ठेवलं. तोवर तीन गोष्टी तपासून घेतल्या, कारण यातलं काही बिघडलेलं असेल तर टू पेग टेस्टचं उत्तर निरर्थक ठरतं.

पहिली, गोल बबल. फूट स्क्रूने तो वर्तुळाच्या मध्यात आणला आणि दुर्बीण १८० अंशांत फिरवली. बबल थोडा बाहेर गेला. जेवढा गेला त्यातला निम्मा फूट स्क्रूने आणि निम्मा बबलखालच्या बारीक स्क्रूंनी परत आणला. दुसऱ्या फेरीला तो जागेवर राहिला. दुसरी गोष्ट कॉम्पेन्सेटर, म्हणजे दृष्टिरेषा आपोआप आडवी ठेवणारा आतला भाग. स्टाफवर दुर्बिणीतला आडवा तंतू धरून ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारली. चित्र क्षणभर थरथरून तंतू त्याच रीडिंगवर परत यायला हवा. तो आला. मग दुर्बिणीच्या दिशेचा फूट स्क्रू किंचित फिरवून बबल वर्तुळाच्या आतच, पण कडेकडे नेला; तरी रीडिंग बदललं नाही. कॉम्पेन्सेटर अडकत असेल तर दरवेळी वेगळं रीडिंग मिळतं. ती दुरुस्ती साइटवर होत नाही, उपकरण कार्यशाळेतच पाठवावं लागतं. अशा लेव्हलचा तंतू सरकवत बसणं म्हणजे काटा अडकलेल्या तराजूचं शून्य जुळवत बसणं. तिसरी गोष्ट आडवा तंतू खरोखर आडवा आहे का. एकच खूण तंतूच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सरकवून पाहिली. ती तंतूवरून ढळली नाही. ढळत असेल तर दरवेळी तंतूच्या मधल्या भागानेच वाचायचं.

आता पहिला सेटअप. टेपने अंतर मोजून दोन्ही खुंट्यांपासून ३० मीटरवर लेव्हल लावली. इथे काहीजण सेंटिमीटरपर्यंत मध्य शोधत बसतात. त्याची गरज नाही. आमच्या उपकरणाची चूक पुढे निघाली तेवढी मोठी असतानाही, मध्य एक मीटरने हुकला असता तर दोन बाजूंच्या अंतरांत २ मीटरचा फरक पडून उत्तरात अर्धा मिलिमीटरही आला नसता. दहा-वीस सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. लेव्हल दोन खुंट्यांना जोडणाऱ्या रेषेवर असणंही सक्तीचं नाही. दोन्ही अंतरं सारखी असली की पुरे. अंतराचा पडताळा मधल्या तंतूच्या वर-खाली असलेल्या स्टेडिया तंतूंनी होतो: वरच्या आणि खालच्या तंतूच्या रीडिंगमधला फरक गुणिले १००. दोन्हीकडे तो फरक ०.३०० आला.

खुंटी ‘अ’ वर रीडिंग १.४३२ आलं, खुंटी ‘ब’ वर १.२८७. फरक ०.१४५. पण एका जोडीवर विश्वास ठेवायचा नसतो. ट्रायपॉडचे पाय थोडे वरखाली करून लेव्हल पुन्हा लावली: १.५०६ आणि १.३६१, फरक ०.१४५. तिसऱ्यांदा १.३९१ आणि १.२४७, फरक ०.१४४. उंची बदलून घेण्याचं कारण असं, की रीडिंगचा आकडा तोच राहिला तर डोळा आधीचंच उत्तर वाचतो. आकडे बदलले की खरंच वाचावं लागतं. तीन फरक एका मिलिमीटरच्या आत बसले, म्हणून ०.१४५ धरला. म्हणजे ‘ब’ ही ‘अ’ पेक्षा १४५ मिमी उंच. हा फरक लेव्हल वाकडी असो वा सरळ, बरोबरच आहे. पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहतं, त्यामुळे वेळ द्यायचा तो इथे.

या सेटअपचा आणखी एक गुण सहसा सांगितला जात नाही. दोन्ही अंतरं सारखी असल्यामुळे एका खुंटीकडून दुसरीकडे वळताना फोकस बदलावा लागत नाही. फोकसिंगचं भिंग आत सरकताना किंचित तिरकं जात असेल तर दृष्टिरेषाही हलते. मध्यावर तो दोष आपोआप बाजूला राहतो. दुसऱ्या सेटअपमध्ये मात्र राहत नाही.

दुसऱ्या सेटअपसाठी लेव्हल ‘ब’ च्या पलीकडे, त्याच रेषेत ३ मीटरवर नेली. म्हणजे ‘ब’ ३ मीटरवर आणि ‘अ’ ६३ मीटरवर. जुन्या पद्धतीत लेव्हल खुंटीला अगदी खेटून लावत, आयपीस स्टाफसमोर आणत आणि ऑब्जेक्टिव्हच्या बाजूने उलटं पाहून पेन्सिलीच्या टोकाने स्टाफवर खूण करत. तिथे जवळच्या रीडिंगमधली चूक शून्य धरता येते, पण आता त्यात अर्थ नाही. ३ मीटरवर बहुतेक लेव्हल व्यवस्थित फोकस होतात आणि तेवढ्या अंतरावरची चूक हिशेबात धरणं सोपं असतं.

‘ब’ वर १.५१२ वाचलं. मग ‘अ’ कडे वळून फोकस केला आणि पहिलं रीडिंग आलं १.६७१. डोकं थोडं वरखाली केलं तर तंतू स्टाफवरून सरकताना दिसला. हा पॅरलॅक्स. आयपीस नीट जुळवलेला नव्हता. ३० मीटरवर ते लक्षात आलं नव्हतं, ६३ मीटरवर आलं. दुर्बीण आभाळाकडे रोखून आयपीस फिरवला, तंतू काळाकुळकुळीत आणि धारदार दिसेपर्यंत. मग स्टाफवर पुन्हा फोकस केला. आता डोकं हललं तरी तंतू जागचा हलेना, आणि रीडिंग होतं १.६६८. तीन मिलिमीटर निव्वळ पॅरलॅक्सचे. ते तसेच राहिले असते तर नसलेली चूक आम्ही उपकरणात स्क्रूने बसवली असती. आयपीस बदलल्यामुळे आधीची रीडिंग निकाली निघाली का, हाही प्रश्न होता. म्हणून ‘ब’ वर परत वाचलं, १.५१२ च आलं. मध्यावरच्या तीन जोड्यांचा मेळ आधीच बसला होता, आणि तिथे फोकस हलला नसल्यामुळे त्या फेकायची गरज नव्हती. तरी शेवटी त्या पुन्हा पडताळल्या, ते पुढे येईलच.

स्टाफ धरणाऱ्यालाही एक काम दिलं होतं. गोल बबल पाहून स्टाफ उभा धरायचा आणि आम्ही खूण केली की तो लेव्हलच्या दिशेने आणि उलट दिशेने हळू डोलवायचा. डोलवताना दिसणारं सगळ्यात कमी रीडिंग तेच खरं. १.६ मीटरवर वाचताना स्टाफ २ अंश कललेला असेल तर रीडिंग १ मिमी जास्त येतं, ३ अंशांना २ मिमीच्या वर. स्टाफवरचा बबल बिघडलेला असू शकतो. डोलवलेला स्टाफ फसवत नाही. फक्त खुंटीचं डोकं गोल हवं, नाहीतर डोलवताना तळाची कड उचलली जाते.

तीन जोड्या झाल्या. ‘अ’ १.६६८ आणि ‘ब’ १.५१२, फरक ०.१५६. ‘अ’ १.६३१ आणि ‘ब’ १.४७६, फरक ०.१५५. ‘अ’ १.५९४ आणि ‘ब’ १.४३८, फरक ०.१५६. खरा फरक ०.१४५, इथे दिसला ०.१५६. तफावत ११ मिमी.

हे ११ मिमी कोणत्या अंतराचे, इथे गोंधळ होतो. लांबचं अंतर ६३ मीटर असलं तरी जवळच्या ३ मीटरवरही चूक आहेच, त्यामुळे ११ मिमी हा अंतरांच्या फरकाचा, म्हणजे ६० मीटरचा हिशेब. मीटरला ०.१८३ मिमी. कोनात सांगायचं तर साधारण ३८ सेकंद. लांबचं रीडिंग अपेक्षेपेक्षा जास्त, म्हणून रेषा वर चढणारी. संशय खरा निघाला. पृथ्वीची वक्रता आणि अपवर्तन यांचा एकत्र परिणाम ६३ मीटरला पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. ११ मध्ये तो मोजण्यात मतलब नाही.

दुरुस्त करावी की नाही हे कसं ठरवायचं? चार रीडिंग, प्रत्येकात साधारण १ मिमीचा अंदाज, म्हणजे एका चाचणीच्या उत्तरातच २ मिमीची अनिश्चितता. तेवढ्यासाठी स्क्रू फिरवणं म्हणजे आपल्या वाचनाची चूक उपकरणावर लादणं. आम्ही ६० मीटरला ३ मिमी ही मर्यादा धरतो. त्याच्या आत असेल तर वहीत नोंद करून सोडून द्यायचं. ११ मिमी मात्र कोणत्याही मापाने जास्तच.

लेव्हल शेवटच्या जोडीच्या जागेवरच होती: ‘ब’ १.४३८, ‘अ’ १.५९४. आता ‘अ’ वर किती दिसायला हवं? अंतर ६३ मीटर, गुणिले ०.१८३, म्हणजे ११.५ मिमी कमी: १.५८२५. उलटा पडताळा असा: ‘ब’ चं रीडिंग ३ मीटरमुळे अर्धा मिलिमीटर जास्त आहे, म्हणजे खरं १.४३७५, त्यात ०.१४५ मिळवले की १.५८२५. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला तरच स्क्रूला हात लावायचा. ११.५ वजा करण्याऐवजी मिळवले, तर चूक दुप्पट होऊन बसते. असं होणं दुर्मीळ नाही.

ऑटो लेव्हलमध्ये आयपीसजवळचं छोटं झाकण काढलं की तंतूपट्टीचा स्क्रू दिसतो. आमच्या उपकरणात एकच स्क्रू होता आणि त्याला पिन लागत होती. काहींना ॲलन की लागते. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा हे पाठ करण्यात अर्थ नाही, कारण चित्र सुलटं की उलटं यावर वर-खाली बदलतं. स्टाफवरचे आकडे पाहायचे. पिन अगदी थोडी फिरवली, आकडा १.५९६ कडे गेला. म्हणजे उलट दिशा. परत फिरवून १.५८३ च्या किंचित आत आणला. पिन काढली, ट्रायपॉडला टिचकी मारली आणि पुन्हा पाहिलं: १.५८५. पिनचा दाब असेपर्यंत तंतू एका जागी दिसतो आणि दाब गेला की सरकतो. दुसऱ्या प्रयत्नात आकडा जरा पुढे नेऊन, शेवटची फिरकी आवळण्याच्या दिशेने देऊन थांबवला. पिन काढल्यावर तंतू १.५८२ आणि १.५८३ च्या मध्ये उभा होता, टिचकीनंतरही.

डम्पी लेव्हलमध्ये तंतूपट्टीला वर आणि खाली असे समोरासमोर दोन स्क्रू असतात. तिथे एक सैल करून मगच दुसरा आवळायचा. दोन्ही एकदम आवळले तर काच तडकू शकते. टिल्टिंग लेव्हलची रीत पूर्ण वेगळी. तिथे तंतूला हात लावत नाहीत. टिल्टिंग स्क्रूने तंतू योग्य आकड्यावर आणायचा, त्यामुळे लांब बबल मध्यातून जाईल, मग बबलचेच स्क्रू फिरवून बबल मध्यात आणायचा. डिजिटल लेव्हलमध्ये चाचणीचा प्रोग्रॅम असतो आणि काढलेली चूक उपकरणच साठवतं. पण ती बारकोड वाचणाऱ्या सेन्सरची चूक. डोळ्यांनी वाचायचा तंतू वेगळा असतो आणि तो वेगळाच तपासावा लागतो.

स्क्रू फिरवल्यावर चाचणी संपत नाही. उंची बदलून, त्याच ३ मीटरच्या जागेवर पुन्हा रीडिंग घेतल्या: ‘ब’ १.५५०, ‘अ’ १.६९६, फरक ०.१४६. एक मिलिमीटर उरला, तो वाचनाच्या अनिश्चिततेत बसतो. मग मध्यावर परत जाऊन एक जोडी घेतली. फरक ०.१४५, म्हणजे दरम्यान खुंट्या बसल्या नव्हत्या आणि आधीचा पाया पक्का होता. ही शेवटची जोडी बरेचजण टाळतात. पण एखादी खुंटी मधल्या काळात ५ मिमी खचली असेल, तर आपण उपकरण नाही, खचलेली खुंटी जुळवून बसतो आणि ते कळतही नाही.

एक मर्यादा सांगायलाच हवी. ३ मीटर आणि ६३ मीटर यांमध्ये फोकसिंगचं भिंग बरंच सरकतं, त्यामुळे या पद्धतीने निघणाऱ्या चुकीत फोकसची चूक मिसळलेली असते. काटेकोर कामासाठी फिनिश भूमापनतज्ज्ञ कुक्कामाकी यांची मांडणी वापरतात: खुंट्या २० मीटरवर, एकदा मधोमध १० मीटरवरून आणि एकदा रेषेच्या बाहेरून, २० आणि ४० मीटर अंतरांनी. तिथे फोकस कमी बदलतो, पण चूकही २० मीटरचीच दिसते, म्हणून बारीक भागांचा स्टाफ आणि मिलिमीटरच्या खाली वाचण्याची सोय लागते. साध्या स्टाफवर ती मांडणी वापरून फायदा नाही.

राहिला प्रश्न आधीच्या वहीचा. रेषा वर चढणारी असल्यामुळे सगळी रीडिंग अंतराच्या प्रमाणात जास्त होती. एका धावेत बॅकसाइटच्या अंतरांची बेरीज ४१० मीटर आणि फोरसाइटची ३७० मीटर होती. फरक ४० मीटर, गुणिले ०.१८३, म्हणजे ७.३ मिमी. बॅकसाइटची बाजू लांब असल्यामुळे शेवटचा आरएल तेवढा जास्त निघाला होता, तो कमी केला. इंटरमीजिएट साइट, म्हणजे त्याच सेटअपवरून मधल्या बिंदूंवर घेतलेल्या रीडिंग, यांचं दुखणं मोठं, कारण तिथे समतोल नसतोच: बॅकसाइट २० मीटरवर आणि बिंदू ५५ मीटरवर, तर ३५ मीटरचे ६.४ मिमी, आणि त्या बिंदूचा आरएल तेवढा कमी. स्टेडिया रीडिंग लिहिलेल्या पानांवर ही दुरुस्ती करता आली. जिथे फक्त मधला तंतू लिहिला होता तिथे अंतरच माहीत नव्हतं, आणि रेषा नेमकी कोणत्या दिवशी बिघडली हेही वहीवरून ठरत नव्हतं. ते बिंदू सरळ खोडले आणि पुन्हा घेतले, या वेळी तिन्ही तंतू लिहून.